कोणाची ही पेटी: बंगल्यावरचं भजन आणि शेजाऱ्याचा राग

पत्र:
बुवा, नमस्कार. मी देवगडकडची, आमच्या वाडीचं महिला भजन मंडळ आहे, पेटी मी वाजवते आणि मुख्य गायन पण माझंच. गर्व आणि संपत्तीवर प्रश्न विचारणारा एक अभंग मी स्वतः लिहिला. सुरुवात अशी आहे, ‘बंगला बांधिला, गाडी ती दारात, मिरवी गावात, कशापायी’ आणि पुढचं कडवं ‘मरताना सोबत, काय तू नेणार, सारे राहणार, इथे इथे’. गेल्या गणपतीत शेजारच्या भाऊंकडे म्हटला. त्यांनी दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या पैशातनं घर बांधलं, आमच्या मंडळाला टाळ पण त्यांनीच दिले. ते अर्ध्यावर उठून पडवीत गेले आणि तेव्हापासून बोलत नाहीत. मी देवाचं गाणं म्हटलं, त्यांचं नाव पण घेतलं नव्हतं. आता मंडळातल्या बायका म्हणतात हा अभंग बंद कर, काही म्हणतात शेवटी ‘सगळं देवाचं’ असं उत्तर घाल म्हणजे गोड होईल. शेवटच्या ओळीत माझं नाव घालावं की नको ते पण सांगा. काय करू?

उत्तर:
बाय माझे, अभंग बंद करू नको पण हा असा परत म्हणू पण नको, आणि भाऊ उठून गेले त्यात त्यांची चूक मला तरी दिसत नाही. नाव घेतलं नव्हतंस हे खरं, पण गणपतीत आपण त्या माणसाच्याच ओटीवर बसतो, समोर त्याचीच गाडी उभी असते, घरातली माणसं हात जोडून बसलेली असतात, आणि तिथे पेटीवरून ‘मिरवी गावात’ असं गेलं तर नाव घ्यायची गरजच उरत नाही ना. वर कोरस तेच दोनदा परत म्हणतो. म्हणजे एकटी तू बोलली नाहीस, दहा-बारा बायकांनी टाळ वाजवत त्याला विचारलं, आणि टाळ पण त्यानेच दिलेले.

हे मी वरून सांगत नाही, माझ्याकडून हेच झालंय. वीसेक वर्षं झाली असतील, एका घरी मी असाच सोन्याच्या साखळीवरचा प्रश्न म्हटला, घरच्या म्हाताऱ्याने भजन संपल्यावर उसळीची ताटली माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं, ‘बुवानू, ह्या कोणासाठी होता?’ मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वही काढली आणि एकेक ओळ तपासली तेव्हा कळलं की सगळ्या ओळी मी दुसऱ्याकडे बघून लिहिल्या होत्या, माझ्या अंगात साखळी कधी नव्हतीच. तेव्हापासून मी एक करतो आणि तू पण आज रात्रीच करून बघ. ओळीतला ‘तू’ काढ आणि ‘मी’ घाल. ‘मी बंगला बांधिला, माझी गाडी दारात.’ खरं आहे का? तुझ्याकडे बंगला नाही, गाडी नाही, म्हणजे ती ओळ तुझी नाही, ती भाऊंची आहे, आणि त्यांच्याविषयीची ओळ त्यांच्याच घरी म्हटली की तिला भजन कोण म्हणेल.

प्रश्न विचारणारं भजन आपल्याकडे जुनं आहे, पण तो प्रश्न कोणाकडे वळवायचा याची पण एक रीत आहे. रामदासांचे मनाचे श्लोक घे, २०५ श्लोक आहेत आणि बोलणं कोणाशी, तर स्वतःच्या मनाशी. त्यातलाच ‘जनीं सर्व सुखी असा कोण आहे’ हा प्रश्न बघ, ऐकताना वाटतं जगाला विचारलाय, पण लगेच पुढची ओळ येते ‘विचारें मना तूंचि शोधूनि पाहें’, म्हणजे शोधायचं काम परत मनावरच टाकलं. नाथांचं विंचवाचं भारूड तर आपण लहानपणापासून ऐकतो, काम क्रोधाचा विंचू चावलाय तो कोणाला, तर जो गातोय त्यालाच, तोच ओरडतोय, म्हणून समोरचे हसतात पण आणि घरी जाताना गप्प पण होतात. गाणाऱ्याला चावला तरच ऐकणाऱ्याला आपला हात तपासावासा वाटतो, दुसऱ्याला चावल्याचं सांगत बसलं की ती नुसती गावगप्पा.

आता तुझं दुसरं कडवं. त्यात दोन गोष्टी बिघडल्यात, एक मोजणीची आणि एक प्रश्नाची. मोजणी आधी सांगतो कारण ती सोपी आहे. तू मोठ्या अभंगाच्या मापात लिहितेस, म्हणजे चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ हे बोटावर मोजून बघ, सहा सहा सहा चार, जोडाक्षर एकच धरायचं. तुझ्या पहिल्या कडव्यात माप बरोबर बसलंय, पण ‘मरताना सोबत’ मोज, म-र-ता-ना-सो-ब-त, सात. बोलताना आपण ‘सोबत्’ म्हणतो म्हणून कानाला सहाच वाटतात पण गाताना ‘त’ पूर्ण सुटतो, मग तिथे घाई होते आणि पखवाजवाली बाई तुझ्या मागे धावत असणार, बरोबर ना? लिहिताना बोलून मोजायचं नाही, लिहिलेलं अक्षर मोजायचं.

दुसरा बिघाड मोठा आहे. ‘काय तू नेणार’ असं विचारलंस आणि त्याच श्वासात ‘सारे राहणार इथे इथे’ असं उत्तर पण देऊन टाकलंस, मग ऐकणाऱ्याने करायचं काय? मुळात ‘मरताना काय नेणार’ या प्रश्नाचं उत्तर शाळेतल्या पोराला पण पाठ आहे, काही नाही. सगळे मान हलवतात, चहा घेतात आणि घरी जातात, कोणाच्या आत काही हलत नाही. मी त्याला मेलेला प्रश्न म्हणतो. जिवंत प्रश्न तो की ज्याचं उत्तर द्यायला माणसाला स्वतःच्या घरातलं काहीतरी आठवावं लागतं, मोजावं लागतं. तुझ्या घरचा सातबारा काढून बघ एकदा, आपल्या कोकणात एका गुंठ्यावर कधी कधी वीस-पंचवीस नावं असतात, आजा, चुलत आजा, त्यांच्या बहिणी, मुंबईला गेलेले, बेपत्ता झालेले, माणूस गेला की वारस नोंद होते, फेरफार होतो, जुन्या नावाला कंस पडतो आणि खाली नवीन नाव चढतं. ‘या कागदावरची माणसं कुठे गेली’ असं विचारलं तर ओटीवर बसलेला प्रत्येकजण मनात नावं घ्यायला लागतो. तिथे उत्तर सांगायची गरज नाही आणि कोणाला लागत पण नाही, कारण प्रत्येकाचा कागद वेगळा.

तर मग तुझं स्वतःचं काय आहे ते शोध. बंगला नाही, बरं, पण गर्व आहे की नाही? पेटी आहे, आवाज आहे, वाडीत ‘आमची गाणारी’ म्हणून मान आहे, दारात आजोबांची कलमं असतील तर एप्रिलमध्ये पेट्या मोजताना छाती पण फुगत असेल. भजन्याची खरी मालमत्ता हीच असते गं, सूर आणि टाळी, आणि तिच्याबद्दल भजन्याला कोणी विचारत नाही म्हणून त्यानेच विचारायचं. तुझं पत्र दोन-तीनदा वाचून मी तुझ्यासाठी बसवून बघितलंय, ध्रुवपद असं,

कोणाचा हा सूर, कोणाची ही पेटी,
कशाला रे ओठी, माझे माझे.

पेटी-ओठी हे यमक टी-ठीचं आहे, गाताना चालून जातं. आणि पेटी शब्दात आपल्याकडे दोन गोष्टी येतात, तू वाजवतेस ती आणि आंब्याची, म्हणून पुढे,

आज्याने लाविले, कलम अंगणी,
पेट्या त्या मोजुनी, फुगसी का.

सातबाऱ्यावरी, नावे किती आली,
कोठे सांग गेली, माणसे ती.

गाते मी म्हणोनी, ताठ झाली मान,
आता धरी कान, कोण माझा.

हे घे किंवा घेऊ नको, तुझे शब्द तू घाल, पण बघ यात एकही ओळ भाऊंकडे बोट दाखवत नाही, ‘मी’ घालून तपासलं तर सगळ्या ओळी तुझ्या-माझ्याबद्दल खऱ्या निघतात. तुझ्या आजोबांनी कलमं लावली नसतील तर ते कडवं काढून टाक, माड असेल, होडी असेल, शिवणाचं मशीन असेल, जे खरोखर तुझ्याकडे आलंय आणि तू कमावलेलं नाहीस ते घाल. खोटं कडवं गाताना आवाजात कळतं. आणि चारच्या वर कडवी नको, प्रश्नावर प्रश्न आले की पोलीस चौकशी वाटते.

आता गायचं कसं, कारण माझ्या मते भाऊंना लागलं ते शब्दांपेक्षा मांडणीमुळे जास्त. आपल्या भजनात मुख्य गाणारा ओळ सांगतो आणि कोरस तीच परत म्हणतो. नेहमीच्या अभंगाला ते छान, पण प्रश्नाच्या भजनात त्याने उलटं होतं, तू प्रश्न टाकतेस, कोरस तोच उचलून मोठा करतो आणि सगळं जाऊन समोर बसलेल्यावर आदळतं. ते फिरव. ध्रुवपदात ‘कोणाचा हा सूर, कोणाची ही पेटी’ हे कोरसने म्हणायचं, तुझ्याकडे बघून, आणि ‘कशाला रे ओठी माझे माझे’ हे तू एकटीने, पेटीकडे खाली बघून. कडव्यात पहिले दोन चरण तुझे कारण ती तुझी हकीकत आहे, आज्याने कलम लावलं, सातबाऱ्यावर नावं चढली, आणि पुढचे दोन चरण कोरसचे, ते तुला विचारतात. म्हणजे अख्खं मंडळ तुला विचारतंय आणि घरचा यजमान बाजूला बसून ऐकतोय. त्याला वाटलं तर तो तो प्रश्न स्वतःकडे ओढून घेईल, नाही वाटलं तर सूर ऐकेल, दोन्ही ठीक. बसायला पण तसंच बसा, कोरस तुझ्या दोन्ही बाजूंना अर्धगोलात, सगळ्याजणी यजमानाकडे तोंड करून रांगेत नको.

शेवटच्या कडव्यात मात्र चारही चरण तुझेच. ‘आता धरी कान कोण माझा’ म्हटलं की कोरसने परत म्हणायचं नाही, टाळ पण थांबवायचे. तुझ्या ध्यानात आलं असेल, ध्रुवपदात ‘माझे माझे’ वस्तूंबद्दल होतं आणि इथे ‘माझा’ माणूस शोधायला आलंय, ते ऐकू यायला हवं असेल तर त्याच्यावर झांज पडता कामा नये.

यातच ‘उत्तर घाला’ म्हणणाऱ्या बायकांचं पण सांगतो. चौथा चरण चारच अक्षरांचा असतो ते उगाच नाही वाटत मला. भजनी ठेका आठ मात्रांचा, आपल्या बहुतेक साध्या चालींत एका चरणाला एक आवर्तन जातं, सहा अक्षरं त्यात आरामात बसतात आणि चार अक्षरांना जागा उरते, तिथे आपण शेवटचं अक्षर लांबवतो नाहीतर गप्प राहतो. ती उरलेली जागा ऐकणाऱ्याची. ‘फुगसी का’ म्हटलं आणि पुढे दोन-तीन मात्रा नुसता ठेका चालू राहिला की माणूस आपोआप आत बघतो. तुमच्या पखवाजवालीला हे नीट समजावून सांग, कारण रिकामी जागा दिसली की वाजवणाऱ्याचे हात शिवशिवतात, ती तिथे तिहाई टाकेल आणि लोक टाळ्या देतील, आणि झालं, प्रश्न गेला. या एका अभंगात तिने साधा ठेका सोडायचाच नाही. आणि ‘सगळं देवाचं’ असं कडवं घातलं तर ती जागा तूच भरून टाकतेस, मग वरचे सगळे प्रश्न खोटे ठरतात, उत्तर खिशात ठेवून विचारल्यासारखे. उत्तर हवंच असेल तर ते गजरात आहे ना, शेवटचं ‘कोण माझा’ झालं की एक आवर्तन शांत जाऊ दे आणि कोरसमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने एकटीने ‘विठ्ठल विठ्ठल’ उचलायचं, मग टाळ, मग पखवाज. विठ्ठलाचं नाव प्रश्नाच्या मागोमाग आलं की त्याचं उत्तर होतं, कोणी समजावून सांगावं लागत नाही.

लय वाढवायची ती पण गजरातच, अभंगात नाही. तुमच्याकडे पण सवय असेल, दुसऱ्या कडव्यापासून लय चढवत न्यायची, डबलबारी ऐकून ऐकून सगळ्यांनाच लागलीय. पण ‘कोठे सांग गेली माणसे ती’ हे दुप्पट लयीत म्हणून बघ, घोषणा वाटते. चालीबद्दल एवढंच सांगेन की ध्रुवपदाचा शेवट षड्जावर आणू नको, पंचमावर सोड, सा वर आलं की कानाला वाटतं विषय संपला, पंचमावर ते लटकत राहतं. सा वर उतरायचं ते एकदाच, गजर सुरू होताना. पट्टी तुझ्या गळ्याला थोडी खालचीच घे, वरच्या पट्टीत हे शब्द भांडल्यासारखे येतात, घरी दोन्ही पट्टीत गाऊन फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक, लगेच कळेल.

आता नावाचं. नाममुद्रा घालणं यात गर्व नाही, आपल्या संतांनी घातलीच आहे, तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे, आणि नाथ तर ‘एका जनार्दनी’ म्हणून गुरूचं नाव आपल्या नावाला जोडून घेतात, जनाबाई स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणते. म्हणजे मुद्रा नुसती सही नसते, हे बोलणं कोणाच्या अंगावर आहे ते सांगायची जागा आहे. पण दोन गोष्टी. नवीन अभंगाला ‘तुका म्हणे’ लावायचं अजिबात नाही, काहीजण लावतात, आणि दहा वर्षांनी कोणालाच कळत नाही खरा कुठला, ही चोरीच आहे, फक्त उलट्या बाजूने. आणि दुसरं, तुझ्या या अभंगात शेवटच्या कडव्यात ‘गाते मी’ आलंच आहे, ते नावापेक्षा जास्त बोलतं, कारण उद्या दुसऱ्या मंडळातल्या बाईने गायलं तर तो ‘मी’ तिचा होतो. बुवाने गायलं तर ‘गातो मी’ करेल, माप तेच राहतं. तुझं नाव घातलं तर ती प्रत्येकजण तुझ्या गर्वाबद्दल गात राहील आणि स्वतः सुटेल. म्हणून या अभंगात नको, बाकीच्यांत घाल. वहीत मात्र खाली नाव आणि तारीख लिहून ठेव, ते हिशोबाला बरं.

भाऊंकडे कधी जायचं हे तू विचारलं नाहीस पण मला ते राहवत नाही. गणपतीपर्यंत थांबू नको. एकटी जा, मंडळ घेऊन नको, आणि ‘मी तुमच्यावर म्हटलं नव्हतं’ असं अजिबात सांगू नको, कारण त्यांना वाटलं ते वाटलं, आपण सफाई देत बसलो की ते परत तेच ऐकतात. ‘त्या दिवशी तुमच्या घरी बसून मी जे म्हटलं ते चुकलं’ एवढंच सांग. आणि त्या माणसाने मुंबईत किती वर्षं खोलीत काढून ते घर बांधलं ते विचार, ऐक. गावात परत येऊन आपल्या बापाच्या जागेवर चार खोल्या बांधल्या त्याचा त्याला आनंद होतो, त्याला गर्व म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

नवीन अभंग त्यांच्या घरी लगेच म्हणू नको. आधी तालमीत बसव, मग तुझ्या स्वतःच्या घरी म्हण, तुझ्या ओटीवर, तुझ्या माणसांसमोर, कारण प्रश्न तुझ्या घराबद्दल आहेत. सातबाऱ्याच्या कडव्याला तुझी सासू किंवा आई डोळे पुसते का, की नुसती ‘चाल चांगली आहे’ म्हणते, ते बघ. नुसती चालच आवडली तर ते कडवं परत लिही. भाऊंना त्या दिवशी बोलव, आणि टाळ घेऊन त्यांना कोरसमध्ये बसव, तुला विचारणाऱ्यांच्या बाजूला.